फिफो की सरासरी? रत्नागिरीच्या काजूचा हिशोब आणि हललेली तारीख

आजच्या भागात गोष्ट आहे शिल्लक मालाची. ३१ मार्चला गोडाऊनमध्ये जो माल उरतो, तो वहीत कुठल्या भावाने धरायचा? फिफो, म्हणजे आधी आलेला आधी गेला असं मानायचं, की वेटेड अ‍ॅव्हरेज, म्हणजे वजनाप्रमाणे काढलेली सरासरी? कॉमर्सवाल्यांनी हे अकरावी-बारावीत कधीतरी सोडवलेलं असतं आणि मार्क मिळाले की विसरलेलं असतं. पण आपल्या रत्नागिरीत, आणि त्यातही काजू बीच्या धंद्यात, या प्रश्नाला जी धार आहे ती एका तारखेमुळे आली, असं माझं मत आहे. ती तारीख कधी बदलली आणि त्याने काय झालं, ते आज बघू.

आधी थोडं मागे जाऊ. १९८८-८९ पर्यंत व्यापाऱ्याला आपलं हिशोबाचं वर्ष निवडायची बरीच मोकळीक होती. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपायचं, पण बाजारपेठेतल्या कितीतरी वह्या दिवाळीला बंद व्हायच्या. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा, पाडव्याला नवी वही. कोणी गुढीपाडव्याचं वर्ष धरायचा, कोणी जूनचं. मग १९८७ च्या प्रत्यक्ष कर दुरुस्ती कायद्याने हे सगळं मोडीत काढलं. कर आकारणी वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांचं वर्ष एकच, १ एप्रिल ते ३१ मार्च. ज्याची वही १९८७ च्या दिवाळीला बंद झाली होती, त्याचं पुढचं वर्ष थेट ३१ मार्च १९८९ ला संपलं. सतरा महिन्यांचं वर्ष! आताच्या मुलांना हे खरं वाटत नाही.

आता ही तारीख काजूशी जोडून बघा. आपल्याकडे बी साधारण फेब्रुवारीत यायला लागते आणि मे संपेपर्यंत येते, नंतर पाऊस. दिवाळीला वही बंद करणाऱ्याच्या वर्षात अख्खा एक हंगाम बसायचा. दिवाळीला जी पोती उरायची ती त्याच फेब्रुवारी ते मेमधली. महिन्या-महिन्याच्या भावात फरक असेलही, पण माल एका हंगामाचा. त्यामुळे फिफो लावा नाहीतर सरासरी, उत्तरं फार लांब जायची नाहीत.

३१ मार्च मात्र बरोबर हंगामाच्या मध्यावर पडते. म्हणजे एका हिशोबी वर्षात एप्रिल-मेचा माल गेल्या हंगामाचा, आणि फेब्रुवारी-मार्चचा माल नव्या हंगामाचा. मधे आठ-नऊ महिने भाव कुठच्या कुठे गेलेला असतो. दोन हंगामांचे दोन भाव एकाच वहीत आले, आणि पद्धत निवडण्याला खरा अर्थ आला.

एक हिशोब करू. आकडे मी सोपे घेतलेत, प्रत्यक्षातले नाहीत. समजा एका व्यापाऱ्याने एप्रिलमध्ये १,००० किलो बी १०० रुपयांनी घेतली, मेमध्ये १,००० किलो ११० ने. विक्री जूनपासून सुरू केली आणि जानेवारीअखेर १,९०० किलो विकली. मग नव्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, १,००० किलो १५० ने घेतली आणि ३१ मार्चपर्यंत आणखी ३०० किलो विकली. एकूण खरेदी ३,००० किलो, किंमत ३,६०,००० रुपये. विकली २,२०० किलो, उरली ८०० किलो. विक्रीचा भाव सगळीकडे १६० धरू, म्हणजे विक्री झाली ३,५२,००० रुपयांची.

फिफोने जुना माल आधी गेला, म्हणून उरलेली ८०० किलो सगळी नव्या हंगामाची, १५० ची. शिल्लक १,२०,००० रुपये, नफा १,१२,०००. वर्षाच्या सरासरीने भाव येतो १२०. शिल्लक ९६,०००, नफा ८८,०००. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पण नफ्यात २४,००० चा फरक. कर कुठल्या आकड्यावर भरायचा, बँकेला कुठला दाखवायचा, इथून वाद सुरू होतो.

पण थांबा, घाई करू नका. पुढच्या वर्षी समजा काहीच खरेदी केली नाही आणि ही ८०० किलो १६० ने विकली, १,२८,००० रुपयांना. फिफोवाल्याचा नफा ८,०००, सरासरीवाल्याचा ३२,०००. दोन वर्षांची बेरीज करा: दोघांचेही १,२०,०००. पद्धतीने नफा तयार होत नाही आणि नाहीसाही होत नाही. तो कुठल्या वर्षात बसायचा एवढंच ठरतं.

ही गोष्ट आपल्या न्यायालयांनी फार आधी सांगून ठेवली आहे. रत्नागिरी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि त्याच इलाख्यातल्या अहमदाबाद न्यू कॉटन मिल्सचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. गिरणीने वर्षाच्या सुरुवातीचा साठाही कमी भावाने धरला होता आणि अखेरचाही. कर अधिकाऱ्याने फक्त अखेरचा वाढवला. १९३० च्या सुमारास निकाल आला: वाढवायचा तर दोन्ही वाढवा, दोन्ही टोकांना एकच मोजमाप लावा. पुढे १९५३ मध्ये चैनरूप संपतराम या चांदीच्या व्यापाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अखेरचा साठा हा नफ्याचा उगम नाही. जो माल विकलाच नाही त्याची खरेदी हिशोबातून बाजूला काढायची, यासाठी तो लिहितात. मला वाटतं हे पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर यायला हवं, म्हणजे पोरं नुसती कोष्टकं पाठ करणार नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, दोनच पद्धती का? तर पूर्वी जास्त होत्या. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने साठ्याच्या मूल्यांकनाचं मानक, एएस-२, जून १९८१ मध्ये आणलं. (त्याच वर्षी १ मेला सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा झाला, हा निव्वळ योगायोग.) त्या पहिल्या मानकात लिफोलाही जागा होती, म्हणजे शेवटी आलेला आधी गेला असं मानणं. भाव चढत असताना लिफोने नफा कमी दिसतो, म्हणून अमेरिकेत १९३८-३९ पासून करासाठी ती लोकप्रिय झाली. पण त्यात साठा वहीत वर्षानुवर्षं जुन्या भावाने पडून राहतो. आपल्याकडे मानक सुधारलं गेलं, ते १ एप्रिल १९९९ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं, आणि त्यात लिफो गेली. एकसारख्या, मिसळून जाणाऱ्या मालासाठी फिफो नाहीतर वेटेड अ‍ॅव्हरेज, एवढंच उरलं. पुढे २०१६ च्या आयकर मानकांनीही तेच धरलं, आणि सयुक्तिक कारणाशिवाय पद्धत बदलू नका असं बजावलं. टॅलीमध्ये मालाच्या पानावर `Costing Method` च्या यादीत तुम्हाला `LIFO Annual` अजून दिसेल. यादीत आहे म्हणून चालतं, असं समजू नका.

आता या विषयातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. वेटेड अ‍ॅव्हरेज म्हणजे नेमकी कुठली सरासरी? मानक दोन्ही चालवतं: ठरावीक मुदतीची एकच सरासरी, किंवा प्रत्येक नवी खरेदी आली की नव्याने काढलेली, म्हणजे फिरती सरासरी. आपल्या उदाहरणात मी वर्षाची एकच काढली होती. फिरती काढून बघू. मेअखेर २,००० किलोची सरासरी १०५. जानेवारीअखेर १०० किलो उरली, म्हणजे १०,५०० रुपये. त्यात नवी १,००० किलो, १,५०,००० ची. आता १,१०० किलोचे झाले १,६०,५००, म्हणजे किलोला सुमारे १४५ रुपये ९१ पैसे. उरलेल्या ८०० किलोची किंमत १,१६,७२७ रुपये. बघितलंत? फिफोपासून अंतर २४,००० वरून जेमतेम ३,२७३ वर आलं.

कारण साधं आहे. फेब्रुवारीत नवा माल आला तेव्हा जुना जवळजवळ संपला होता. मिसळायला फारसं काही नव्हतंच. वर्षाची एकच सरासरी मात्र सप्टेंबरमध्ये विकलेल्या बीवर फेब्रुवारीच्या खरेदीचा भाव लादते, जी खरेदी तेव्हा झालीच नव्हती. काजूसारख्या हंगामी मालाला ती मला पटत नाही. म्हणून कोणी «आम्ही अ‍ॅव्हरेज लावतो» म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, वर्षाची की फिरती? सॉफ्टवेअर काय करतंय हे कळायला एकच माल घ्या, वर्षभराच्या नोंदी कागदावर मांडा आणि उत्तर जुळतं का बघा.

आणखी एक पेच आहे. «फिफोने नफा जास्त दिसतो» हे वाक्य भाव चढत असेल तरच खरं. हेच भाव उलटे करा, आधी १५०, मग ११०, मग १००. वर्षाची सरासरी तीच १२०, शिल्लक ९६,०००. फिफोने शिल्लक ८०,०००. म्हणजे फिफोने नफा १६,००० ने कमी.

आणि भाव ३१ मार्चच्या आसपास कोसळला तर? साठा खर्चाच्या भावाने किंवा विकून हातात पडणाऱ्या किमतीने, यातल्या कमी आकड्याने धरायचा असतो. समजा मार्चअखेर आवक वाढली, बाजार पडला आणि विक्रीखर्च वजा जाता किलोला ११५ च मिळतील अशी स्थिती आली. मग फिफोचे १,२०,००० खाली येतात ९२,००० वर, आणि वर्षाच्या सरासरीचे ९६,००० सुद्धा ९२,००० वर. वाद मिटला, कारण बाजाराने दोघांनाही एकाच पायरीवर आणून बसवलं. हे बी विकणाऱ्याचं झालं. जो स्वतः बी फोडून गर विकतो त्याचा नियम वेगळा. तयार गर खर्चाइतका किंवा जास्त भाव देणार असेल, तर बीचा भाव पडला म्हणून कच्चा माल खाली आणत नाहीत.

मग निवडायचं काय? मानकाचं म्हणणं असं की पद्धत प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी हवी. म्हणून मी आधी गोडाऊनमध्ये बघेन. पोत्यांवर तारखा आहेत, जुनी पोती पुढे ओढून आधी काढतात, कारण पावसाळ्यात दमट हवेने बी बिघडते, तर तिथे माल खरोखर फिफोनेच चाललाय. वहीतही फिफो शोभेल. सगळी बी एका ढिगात ओतली जाते आणि फावड्याने भरली जाते, तिथे कुठला दाणा कुठल्या महिन्याचा हे कोणीच सांगू शकत नाही. तिथे फिरती सरासरी. आणि दरवर्षी मार्चमध्ये दोन्ही आकडे काढून जो कमी कर देतो तो उचलणारा कोणी भेटला, तर त्याला अहमदाबादच्या गिरणीची आठवण करून द्या. पुढच्या १ एप्रिलचा सुरुवातीचा साठा त्याच आकड्याने उघडणार आहे.

पुढच्या भागात आंब्याच्या पल्पच्या डब्यांचा हिशोब. तिथे डब्यावरची मुदत मधे येते, आणि ३१ मार्चला गोडाऊनमध्ये माल एकाच हंगामाचा असतो.