डेंग्यूचा सरकारी अहवाल किती खरा? तीन तपासण्या

समजा, कराड तालुक्याच्या जुलैच्या अहवालात डेंग्यूचे २४ रुग्ण आहेत. प्रत्यक्षात किती होते, हे त्या कागदावरून कळत नाही. बाहेरची नोंद लागते. सरकारी आणि खासगी प्रयोगशाळांच्या रजिस्टरांत एलायझा चाचणीने पक्के झालेले ४० रुग्ण सापडले आणि अहवालातले २४ त्यांतलेच असले, तर यंत्रणेची संवेदनशीलता ६० टक्के. (झटपट कार्ड चाचणी धरू नका, सरकारी कार्यक्रम तिला पक्के निदान मानत नाही.) खरा आकडा याहून कमीच असणार, कारण तपासणीच न झालेले रुग्ण कुठल्याही रजिस्टरात नसतात.

सुटलेले १६ कोण, हे त्याहून महत्त्वाचे. त्यांतले १४ शहरातल्या खासगी दवाखान्यांतले निघाले, तर अहवाल प्रातिनिधिक नाही. शहरात साथ नाही असे वाटेल आणि फवारणी भलतीकडेच होईल.

वेळेसाठी ताप सुरू झाल्यापासून नोंद पोहोचेपर्यंतचे दिवस मोजा. सरासरीऐवजी मध्यक घ्या, कारण महिन्याने आलेली एखादी नोंद सरासरी बिघडवते. रुग्ण उशिरा आला की नमुना अडकला, हेही वेगळे पाहा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नोंद पंधराव्या दिवशी आली, तर त्या घराच्या टाकीतून नवी पिढी उडून गेलेली असते.