इंडक्शन शेगडी व भांड्यांचे धातू

इंडक्शन शेगडीत ज्योत नसते. काचेखालील तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच भोवरी प्रवाह निर्माण होतात. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील स्वयंपाकघरात भाकरीचा सपाट बुडाचा लोखंडी तवा या शेगडीवर चटकन तापतो, पण ॲल्युमिनियमचे पातेले थंड राहते. ॲल्युमिनियम तर उत्तम विद्युतवाहक, मग ते का तापू नये, हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र उष्णता प्रवाहाला होणाऱ्या विरोधातून निर्माण होते. लोखंडाच्या चुंबकीय गुणामुळे प्रवाह मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थरात कोंडला जातो आणि विरोध वाढतो. ॲल्युमिनियममध्ये तो सुमारे अर्धा मिलिमीटर खोल पसरतो, विरोध नगण्य राहतो आणि शेगडी भांडे नसल्याचे समजून बंद होते. काच विद्युतरोधक असल्याने तिच्यात प्रवाहच निर्माण होत नाही.

स्टीलची गोष्ट अधिक फसवी आहे. सुमारे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेले ३०४ प्रतीचे स्टील जवळजवळ अचुंबकीय असते. निकेलविरहित ४३० प्रत चुंबकीय असते. लोहचुंबकाची कसोटी बुडाच्या मध्यभागीच घ्यावी, कारण ठोकून-ओढून घडवताना ३०४च्या कडा किंचित चुंबकीय होतात. चुंबक चिकटूनही भांडे तापत नसेल, तर बूड खोलगट किंवा वेटोळ्यापेक्षा फार लहान आहे का, ते पाहावे.