इन्स्क्रिप्ट आणि एकटा उजवा हात

डावा हात प्लास्टरमध्ये गेला की मराठी टंकनाचा वेग बराच खाली येतो. त्याचं कारण इन्स्क्रिप्टच्या रचनेत आहे. या कळफलकावर स्वर आणि मात्रा डावीकडे असतात. म, न, व असे थोडे अपवाद सोडले तर व्यंजनं उजवीकडे असतात. दोन्ही हात असताना उजव्याने व्यंजन आणि डाव्याने मात्रा अशी लय बसते. एका हाताला मात्र मात्रेगणिक कळफलक ओलांडावा लागतो.

‘भाषा’ हा शब्द पाहू. भ म्हणजे शिफ्टसह Y, काना E वर, ष म्हणजे शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ, पुन्हा काना E वर. नेहमीच्या कळफलकावर Y ते E सुमारे पावणेसहा सेंटिमीटर आणि E ते स्वल्पविराम सुमारे साडेअकरा. उजवा हात नेहमीच्या जागी, म्हणजे तर्जनी J वर, ठेवला तर प्रत्येक कान्यासाठी मनगट सरकतं. म्हणून आधी हाताची जागा बदलावी: तर्जनी F वर, करंगळी J वर, आणि कळफलक त्या हातासमोर सरकवलेला. आता E तर्जनीच्या वर डावीकडे येते आणि स्वल्पविराम करंगळीच्या खाली उजवीकडे.

राहिला शिफ्टचा प्रश्न. ख, घ, भ यांसारखी महाप्राण अक्षरं, श, ष, ळ आणि सुटे स्वर यांना शिफ्ट लागतेच. ती धरून दुसरी कळ दाबताना एकाच हाताची बोटं ताणली जातात. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून, समोर आलेल्या प्रश्नाला होकार दिला की स्टिकी कीज सुरू होते. मग शिफ्ट दाबून सोडायची. ती पुढच्या एका कळेपुरती लागू राहते. दोनदा दाबली तर कायम अडकते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते. कंट्रोलचंही तसंच: कंट्रोल दाबून सोडा, मग C दाबा, मजकूर कॉपी होतो.

इथे दोन बिघाड नेहमीचे, आणि दोन्ही पडद्यावरच ओळखता येतात. ‘कर’ लिहिताना ‘खऱ’ उमटलं तर शिफ्ट चुकून दोनदा दाबली गेली आहे. ती एकदा दाबून सोडवावी. ‘भाषा’ऐवजी ‘बा’, मग स्वल्पविराम आणि त्यापुढे लोंबकळणारा काना दिसला, तर स्टिकी कीजच बंद झाली आहे. दोन कळा एकत्र दाबल्यास ती बंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो; घरातल्या कुणी दोन्ही हातांनी एक ओळ लिहिली तरी तेवढं पुरतं. तो पर्याय काढून टाकावा.

एका हातासाठीचे ड्व्होराक कळफलकही विंडोजमध्ये आहेत, पण त्यांची मांडणी इंग्रजी अक्षरांच्या वापरावर बेतलेली आहे. मराठीत त्यांचा उपयोग नाही. इथे मात्रेपर्यंतचं अंतर हाताच्या जागेनेच कमी करावं लागतं; स्टिकी कीज फक्त शिफ्टचा ताण घेते.