देणं ५ वर्षांनी, मग बाँड ६ वर्षांचा का?

समजा, ५ वर्षांनी एकरकमी १० लाख रुपये द्यायचे आहेत. व्याजदर ७ टक्के असेल, तर आज ७.१३ लाख पुरतात. पण ५ वर्षांचा बाँड घेतला आणि लगेच दर ६ टक्क्यांवर आले, तर मिळणारं व्याज कमी दराने गुंतवावं लागतं. शेवटी सुमारे ५,७०० रुपये कमी पडतात.

६ वर्षांच्या बाँडचं ड्युरेशन, म्हणजे पैसे हाती येण्याचा भारित सरासरी काळ, ५.१ वर्षं आहे. इथे व्याजातली तूट पाचव्या वर्षी बाँड चढ्या भावाने विकून भरून निघते. दर वाढले तर नेमकं उलट. हेच इम्युनायझेशन.

पण ते एकदा करून भागत नाही. वर्षभराने देणं ४ वर्षांवर येतं, ड्युरेशन मात्र ४.४ वर्षं उरतं. मग थोडे बाँड विकून कमी मुदतीचे घ्यावे लागतात.