को-ट्रायमॉक्साझोल

को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फामेथॉक्साझोल (सल्फोनामाइड गटातील औषध) आणि ट्रायमेथोप्रिम यांचे संयुक्त जिवाणूरोधक औषध आहे. नेहमीच्या गोळीत यांचे प्रमाण ४०० व ८० मिलिग्रॅम, म्हणजे ५:१ असते. ही दोन्ही औषधे जिवाणूच्या फोलेटनिर्मितीच्या साखळीतील दोन वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात.

पार्श्वभूमी

डीएनएचे घटक तयार करण्यासाठी पेशीला फोलेट लागते. मानवाला ते आहारातून मिळवावे लागते. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. बहुतेक रोगकारक जिवाणूंना मात्र बाहेरचे फोलेट वापरता येत नाही. ते स्वतःच तयार करावे लागते. या फरकामुळेच सल्फा औषध जिवाणूला बाधते, पण मानवी पेशीतील फोलेट थांबवत नाही.

कार्यपद्धती

जिवाणू पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल आणि टेरिडीन जोडून डायहायड्रोटेरोएट बनवतो. सल्फामेथॉक्साझोलची रचना या आम्लासारखी असल्याने ते विकराची जागा अडवते. पुढे तयार झालेल्या डायहायड्रोफोलेटचे टेट्राहायड्रोफोलेट करणाऱ्या विकराला ट्रायमेथोप्रिम अडवते. तेच विकर मानवातही असते. परंतु जिवाणूच्या विकराला हे औषध कित्येक हजार पट घट्ट चिकटते.

सहक्रिया

ट्रायमेथोप्रिम एकटे दिल्यास डायहायड्रोफोलेट साचते आणि विकरावरील जागेसाठी औषधाशी स्पर्धा करते. सल्फा औषधाने हा पुरवठा घटला की ट्रायमेथोप्रिम कमी मात्रेतही पुरते. उलट दिशेनेही परिणाम होतो: टेट्राहायड्रोफोलेट घटल्याने टेरिडीनच्या निर्मितीतही खंड पडतो व सल्फाची परिणामकारकता वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही परस्परवृद्धी दाखवली.

उदाहरणार्थ, एखाद्या जिवाणूची वाढ थांबवण्यास ट्रायमेथोप्रिम एकटे १ आणि सल्फामेथॉक्साझोल एकटे २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लागते असे समजू. एकत्र दिल्यावर अनुक्रमे ०.१२५ आणि २.५ पुरले, तर दोन अपूर्णांकांची बेरीज १/८ + १/८ = ०.२५ होते. ही बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी असल्यास सहक्रिया मानतात. ट्रायमेथोप्रिम शरीराच्या ऊतींत अधिक पसरत असल्याने ५:१ प्रमाणातील गोळीतून रक्तात सुमारे २०:१ प्रमाण निर्माण होते.

मर्यादा

जिवाणू एका औषधाला प्रतिरोधी झाला, की सहक्रिया बहुतांशी संपते. पू साचलेल्या जागी मृत पेशींतून मिळणारे थायमिडीन वापरून काही जिवाणू ही अडवणूक चुकवतात. म्हणून गळूतील पू काढणे आवश्यक ठरते. फोलेटची कमतरता असलेल्या रुग्णांत ट्रायमेथोप्रिममुळे रक्तपेशींची निर्मिती मंदावू शकते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि प्रसूतीच्या सुमारास हे औषध शक्यतो टाळतात.