फुगलेल्या डब्या

2002-03 च्या सुमारास संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. दोन-तीन वर्षे चाललेली यंत्रे बंद पडत, आणि उघडून पाहावे तो आतल्या ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या डब्या माथ्यावर फुगलेल्या. 2005 साली डेल या अमेरिकन कंपनीने अशा यंत्रांपायी 30 कोटी डॉलर खर्ची टाकले.

या डबीचे नाव इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. कल्पना जुनी, कारोल पोलाक यांनी 1896 सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ॲल्युमिनियमचा वर्ख, त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि कागदात मुरवलेला द्राव, एवढाच संसार. ठोक्याठोक्याने येणारी वीज साठवून सलग पुढे देणे, हे तिचे काम. त्यामुळे प्रवाह तिच्यात अखंड आत-बाहेर करतो, आणि प्रत्येक खेपेस तो द्राव त्याला थोडा अडवतो. या अंगच्या अडवणुकीला ई.एस.आर. म्हणतात.

हिशेब करून पाहू. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णता. प्रवाह 2 अँपियर आणि रोध 0.05 ओहम असेल, तर 0.2 वॉट, तेवढी ऊब डबीला सोसते. पण उष्णतेने द्राव रबरी बुचातून वाफ होऊन हळूहळू निसटतो. द्राव आटला की रोध वाढतो, तो 0.15 झाला की उष्णता 0.6 वॉट, आणि मग द्राव अधिकच आटतो. सावकाराचे व्याज मुदलात मिळवत जावे, तसा हा प्रकार! ढोबळ नियम असा, की दर 10 अंशांनी तापमान उतरले की आयुष्य दुप्पट. 105 अंशांवर 2000 तासांची डबी 65 अंशांवर 32,000 तास टिकावी.

मग त्या डब्या इतक्या लवकर का गेल्या? रोध कमी राहावा म्हणून द्रावात पाणी वाढवले होते. पाणी ॲल्युमिनियमला खाते. त्याला आवरणारी द्रव्ये त्यात नीट नव्हती. हायड्रोजन वायू साठला आणि माथा फुगला. द्रावाचे सूत्र जपानमधून अर्धवट चोरले गेले, अशी कथा तेव्हा छापून आली. तिला पक्का पुरावा मात्र मिळाला नाही.

वयाने आटलेली डबी फुगतेच असे नाही, आणि येथेच माणूस फसतो. आमच्या युनियनच्या कचेरीतले यंत्र थंडीच्या सकाळी सुरू होईना. दुपारी मात्र बिनतक्रार चाले. द्राव थंड असता रोध फार चढतो, म्हणून हा लपंडाव. साध्या मीटरवर धारिता जवळजवळ पुरी भरली. कारागिराने ई.एस.आर. मीटर लावला, तेव्हा एका डबीचा रोध शेजारणीच्या दसपट निघाला. ती होती अगदी तापणाऱ्या पट्टीला चिकटून बसवलेली.