केप्लरचे पिंप आणि अंतरालाची टोके

1613 साली ऑस्ट्रियातल्या लिंत्समध्ये राहणाऱ्या योहानेस केप्लरने दुसरे लग्न केले आणि घरासाठी वाइनची पिंपे घेतली. मोजणी करायला आलेल्या माणसाने बुचाच्या भोकातून एक काठी तिरपी आत घातली, तळाच्या दूरच्या काठाला टेकवली आणि तिच्या भिजलेल्या लांबीवरून दाम सांगितला. पिंप लांबट असो की बुटके, हिशोब एकच! केप्लरला हे पटेना. त्याने 1615 साली या प्रश्नावर अख्खे पुस्तकच छापले.

पिंप सरळ नळकांड्यासारखे आणि बूच मधोमध आहे असे धरू. काठी 6 एकक भिजली, तर लांबी h असलेल्या पिंपाचे घनफळ 36h − h³/4 च्या प्रमाणात भरते. वेगवेगळ्या मापांसाठी कोष्टके करताना केप्लरला दिसले की कमाल घनफळाच्या आसपास लांबी थोडी बदलली तरी घनफळ जवळजवळ हलत नाही. ऑस्ट्रियन पिंपांची घडण या कमाल प्रमाणाजवळच होती, म्हणून तिथे काठी फारसा दगा देत नव्हती.

फर्माने 1630च्या दशकात या निरीक्षणाची रीत केली. आजच्या भाषेत, अवकलज शून्य करा: 36 − 3h²/4 = 0, म्हणजे h सुमारे 6.93. पण या रीतीचा आधार असा की बिंदूच्या दोन्ही बाजूंना सरकायला जागा हवी. टोकाला ती एकाच बाजूला असते, त्यामुळे तिथे उतार शून्य नसतानाही कमाल येऊ शकते.

समजा लांबी 4 ते 8 मध्येच ठेवायची आहे. मूल्ये येतात 4 ला 128, 6.93 ला सुमारे 166.3 आणि 8 ला 160. कमाल आत सापडली, किमान डाव्या टोकाला. आता फळ्याच आखूड आहेत, 6 च्या पुढे जाता येत नाही. मग 6.93 अंतरालाबाहेर पडते आणि कमाल 162 उजव्या टोकावर येते. केवळ अवकलज पाहणाऱ्याला इथे काहीच सापडणार नाही. आलेखाला आत कुठे टोकदार कोपरा असेल आणि तिथे अवकलजच नसेल, तर शून्य अवकलजाचे बिंदू आणि टोके यांच्याबरोबर तो बिंदूही तपासायच्या यादीत घ्यावा लागतो.

पण यादीतले सर्वांत मोठे मूल्य हीच कमाल, हे कशावरून? कमाल कुठेतरी गाठली जातेच, याची आधी खात्री हवी. 6 हे टोकच वगळले, तर घनफळ 162 च्या हवे तितके जवळ जाते, पण तिथे पोचत नाही आणि कमाल उरतच नाही. संतत फलन टोकांसकट घेतलेल्या अंतरालावर कमाल आणि किमान गाठतेच, हे प्रागच्या बोल्झानोने 1830च्या सुमारास सिद्ध केले होते. त्याचे हस्तलिखित मात्र 1930 साली छापले गेले. तोवर बर्लिनमधल्या वायरश्ट्रासच्या व्याख्यानांतून हे प्रमेय रूढ झाले होते आणि त्याच्याच नावाने शिकवले जात होते.